भाडं सुरू कधी? दुकान उघडण्याआधीच्या बिनभाड्याच्या दिवसांची गोष्ट

काही वर्षं घरच्या ओट्यावरून केक आणि पाव विकल्यानंतर मी नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेला दुकान उघडलं. त्याआधी फरशी, वायरिंग आणि फर्निचरला जे दिवस लागले त्यांचं भाडं मालकांनी घेऊ नये म्हणून बरीच बोलणी करावी लागली. ती इथे सविस्तर लिहिते आहे. मी माहिती शोधत होते तेव्हा मॉलमधल्या मोठ्या ब्रँडबद्दल पुष्कळ सापडलं, पण सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ३२० चौरस फुटांच्या गाळ्याबद्दल काहीच मिळालं नाही.

गाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाहिला. आधी तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मागची भिंत ओलावलेली, फरशी जागोजागी फुटलेली, पाण्याची लाइन नाही आणि वीज सिंगल फेज. मालक म्हणजे निवृत्त काका. ते त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण आकड्यांचा निर्णय पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचा. काकांनी ३५ हजार सांगितले होते. ब्रोकर म्हणाला, "ताई, आधी भाडं फायनल करू. फर्निचरच्या दिवसांचं नंतर हळूच काढू." मला ते पटेना. भाडं, डिपॉझिट आणि बिनभाड्याचे दिवस ही तिन्ही एकाच पैशाची रूपं आहेत. भाड्यावर एकदा हात मिळवला की नंतर मागितलेला प्रत्येक दिवस मालकाला स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा वाटतो. म्हणून मी एकाच बैठकीत तिन्ही काढले: भाडं ३२ हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचं, आणि किल्ली मिळाल्यापासून ६० दिवस भाडं नाही.

काकांचं पहिलं वाक्य होतं, "किल्ली घेतली की भाडं सुरू, अशीच पद्धत आहे." मुलगा फोनवरून म्हणाला, पंधरा दिवस देतो. शिवाय २०२७च्या कुंभमेळ्यामुळे नाशिकमध्ये भाडी चढणार आहेत, तेव्हा तुम्हाला स्वस्तातच पडतंय, हेही ऐकवलं. त्यावर मी काही बोलले नाही. गाळा फेब्रुवारीपासून रिकामा आहे, हे मला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं होतं. हे मालकाच्या तोंडावर फेकायचं नसतं, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. चार महिने कुलूप असलेल्या गाळ्याच्या मालकाला आणखी दीड महिन्याची सूट जड वाटते ती रकमेमुळे कमी आणि भीतीमुळे जास्त. हिने फुकटात दोन महिने काढले आणि धंदा न चालल्यामुळे गाशा गुंडाळला तर? काकूंनी ते स्पष्ट बोलून दाखवलं. आधीच्या भाडेकरूने तसंच काहीसं केलं होतं.

पुढच्या बैठकीला जाताना मी दोन कागद नेले. पहिला होता सुतार, फरशीवाला आणि इलेक्ट्रिशियन यांच्याशी बोलून केलेलं वेळापत्रक. जुनी फरशी उखडणं आणि पाण्याची लाइन यांना एक आठवडा. मागच्या भिंतीचं प्लास्टर काढून ओल थांबवण्याचं काम आणि नवी फरशी यांना दहा-बारा दिवस. त्यानंतर वायरिंग, मग रंग, मग काउंटर, आणि शेवटी ओव्हन. यातली बरीच कामं एकामागून एकच करावी लागतात. फरशीवाला असताना सुतार आत शिरू शकत नाही आणि भिंत ओली असताना रंग देता येत नाही. "पावसाळा आहे, वेळ लागेल" असं मोघम बोलण्यापेक्षा कुठलं काम कशासाठी अडून राहतं ते दाखवलं, तेव्हा मुलाचा सूर बदलला. तो स्वतः इंजिनिअर आहे, वेळापत्रक त्याला लगेच समजलं.

दुसरा कागद जास्त उपयोगी पडला. त्यात मी खर्चाचे दोन भाग केले. जाताना मी घेऊन जाणार ते एकीकडे: ओव्हन, डिस्प्लेचा फ्रीज, काउंटर, बोर्ड. गाळ्यातच राहणार ते दुसरीकडे: फरशी ६२ हजार, वायरिंग ४८ हजार, पाण्याची लाइन आणि ड्रेनेज २७ हजार, ओल काढण्याचं काम १८ हजार. मिळून एक लाख पंचावन्न हजार. मी काकांना म्हणाले, "हे तुमच्याच भिंतीत राहणार आहे, काका. पुढच्या भाडेकरूला तुम्ही थ्री फेज आणि पाणी असलेला गाळा दाखवाल." त्यांच्या पंधरा दिवसांच्या वर मी मागत होते त्या दीड महिन्याचं भाडं होतं ४८ हजार. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी आले आणि चर्चेला पहिल्यांदा आधार मिळाला.

इथे एक गोष्ट जपायची. छापील करारांत बहुतेक वेळा असं वाक्य असतं की, मुदत संपल्यावर जागा पूर्ववत करून द्यावी. ते तसंच राहिलं तर "तुमच्याकडेच राहणार" या माझ्या बोलण्याला अर्थ उरत नाही आणि उद्या फरशी उखडण्याचा खर्चही माझ्यावर येतो. ते वाक्य आम्ही बदलून घेतलं: भिंतीत आणि जमिनीत केलेली कामं मालकाकडे राहतील, सुट्या वस्तू भाडेकरू नेईल.

मुलाचा पुढचा प्रस्ताव वरवर फार गोड होता. दोन महिने पूर्ण माफ, पण भाडं ३४ हजार. मी रात्री वही घेऊन बसले. पाच वर्षांत दोन महिने माफ म्हणजे ५८ महिने गुणिले ३४ हजार, एकूण १९ लाख ७२ हजार. त्याचाच आधीचा प्रस्ताव, ३२ हजार भाडं आणि फक्त पंधरा दिवस माफ, हिशेबात १९ लाख ४ हजारांना येत होता. म्हणजे दोन महिन्यांच्या "फुकट" गाळ्यासाठी मी ६८ हजार जास्त देणार होते. दरवर्षीची पाच टक्के वाढ यात धरलेली नाही. ती वरच्या भाड्यावर बसली की फरक आणखी रुंदावतो. अर्थात ज्याच्याकडे सुरुवातीला रोख अगदीच कमी आहे त्याला हा सौदा घ्यावासा वाटू शकतो. ते एक प्रकारचं कर्जच आहे, आणि कर्ज म्हणून तपासून घ्यावं. मला ते नको होतं.

तोडगा काकूंच्या भीतीतून निघाला. मी म्हटलं, लॉक-इन, म्हणजे गाळा सोडायचा नाही अशी मुदत, दोन वर्षांची ठेवा, आणि दोन वर्षांच्या आत मी स्वतःहून सोडलं तर माफ केलेल्या दिवसांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, ४५ दिवस.

आता पंचांग आडवं आलं. किल्ली आषाढात द्यायची नाही, असं काकूंचं म्हणणं. २४ जुलैला अमावास्या, म्हणून २५ जुलैला, श्रावण लागला की किल्ली. तिथून ४५ दिवस मोजले तर ७ सप्टेंबरला संपत होते, आणि ८ तारखेपासून पितृपक्ष. मधल्या गणपतीत आमचा कोकणातला पेंटर गावी जाणार हे ठरलेलंच. म्हणजे गणपतीपर्यंत दुकान तयार होणं अशक्य, पितृपक्षात उघडायला घरचे तयार नाहीत, आणि भाडं मात्र ८ तारखेपासून चालू. मी थेट विचारलं, "काका, तुम्ही स्वतः पितृपक्षात दुकान उघडलं असतं का?" ते हसले. ८ ते २१ सप्टेंबर अर्धं भाडं आणि २२पासून पूर्ण, असं ठरलं. मूळ मागितलेले ६० दिवस पदरात पडले नाहीत, पण त्याच्या बरंच जवळ पोचलो. आषाढाचा एक फायदाही झाला. किल्ली मिळण्याआधीच माप घ्यायला गाळा उघडून देण्याचं काकांनी कबूल केलं. सुतार आणि ओव्हनवाला मापं घेऊन गेले आणि ओव्हनची ऑर्डर जुलैच्या मध्यातच गेली. हे मालकाला काहीच खर्चाचं नसतं आणि आपले दिवस वाचतात.

टोकन २५ हजार दिलं. पावतीवर लिहून घेतलं की, सोसायटीने बेकरीला ना हरकत दिली नाही तर टोकन परत. सोसायटीच्या कमिटीला धुराची काळजी होती. इलेक्ट्रिक ओव्हन आहे, भट्टी नाही, आणि एक्झॉस्ट मागच्या डक्टमध्ये जाईल, असं पत्र दिल्यावर ना हरकत मिळाली. हे कागद करारावर अंगठा करण्याआधी हातात हवेत. नाहीतर किल्ली मिळते, दिवस मोजणं सुरू होतं आणि कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात असते.

१८ जुलैला लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला. एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन काकांच्या घरीच आला. मसुद्यात एक गाठ होती. काका म्हणत होते, "भाडं सुरू झाल्यापासून ६० महिने धरा, आधीचे दिवस वेगळे." ऐकायला सोपं वाटतं, पण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचं ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क ६० महिन्यांपर्यंतच्या करारालाच लागतं. त्याच्या पुढे गेलात की तो भाडेपट्टा धरला जातो आणि शुल्क कैक पटींनी वाढतं. म्हणून बिनभाड्याचे दिवस ६० महिन्यांच्या आतच बसवले. करार २५ जुलै २०२५ ते २४ जुलै २०३०, आणि भाडं सुरू होण्याची तारीख वेगळ्या कलमात.

शुल्काचा हिशेब असा होतो: पाच वर्षांचं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या बेरजेवर ०.२५ टक्के. आमचं भाडं वाढीसह २१ लाख २२ हजारांच्या आसपास आणि डिपॉझिटवरचं व्याज ९६ हजार. शुल्क साडेपाच हजारांच्या जरा वर गेलं. माफ केलेले दिवस वजा केले असते तर जेमतेम सव्वाशे रुपये वाचले असते. त्यासाठी वाद कशाला घालायचा, म्हणून पूर्ण भाड्यावरच भरलं. नोंदणी फी एक हजार. एजंटाची फी आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतली. नोंदवलेला करार लवकर हातात असण्याचं आणखी एक कारण म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या नोंदणीला आणि दुकाने अधिनियमाखालच्या सूचनेला जागेचा पुरावा म्हणून तो लागतो. ही कामंही बिनभाड्याच्या दिवसांतच उरकायची असतात.

मसुद्यात मी एका वाक्यावर अडून बसले होते: मालकाच्या बाजूच्या कारणाने काम थांबलं तर ते दिवस ४५मध्ये धरायचे नाहीत. एजंट म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, आपण लिहू.

२५ जुलैला नारळ फोडून किल्ली घेतली. २९ला वीज वाढवून घेण्याचा अर्ज केला, कारण आमचा दोन डेकचा ओव्हन सिंगल फेजवर चालत नाही. मीटर काकांच्या नावावर, म्हणून अर्ज त्यांच्या सहीने. तिथे कळलं की आधीच्या भाडेकरूचं ११ हजार ४०० रुपयांचं बिल थकलेलं आहे आणि ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. काका हबकले. त्या माणसाचं डिपॉझिट त्यांनी केव्हाच परत केलेलं होतं. शेवटी ८ ऑगस्टला त्यांनी पैसे भरले. मग कोटेशन आलं, ते मी भरलं, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट जोडला आणि २१ ऑगस्टला थ्री फेज मीटर बसलं. गाळा बघायला जाल तेव्हा मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या. शेवटचं बिल मागायला मालकाला राग येत नाही, आणि थकबाकी असेल तर ती किल्लीच्या आधी मिटते.

आता त्या वाक्याची परीक्षा झाली. माझ्या मते २९ जुलै ते ८ ऑगस्ट हे दिवस वगळायला हवे होते. मुलगा म्हणाला, "पण त्या दिवसांत फरशीचं काम चालूच होतं ना?" आणि त्यात तथ्य होतं. विजेसाठी अडलं होतं ते वायरिंगचं शेवटचं काम आणि ओव्हन, फरशी नव्हे. कलमात "काम थांबलं तर" एवढंच होतं, सगळं काम की एखादं, ते नव्हतं. आम्ही पाच दिवसांवर मिटवलं. माझ्या जागी कोणी हे कलम लिहिणार असेल तर त्याने "वीज, पाणी किंवा सोसायटीची परवानगी मिळेपर्यंत" असं नाव घेऊन लिहावं. तशी मुदतवाढ दिवसाला दिवस मोजता येते.

भिंतीने मात्र खरा घाम काढला. प्लास्टर झालं, आठवडा गेला, वरून सुकी दिसत होती. पेंटरने रात्री भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवला. सकाळी आतून पाण्याचे थेंब. म्हणजे भिंत अजून ओल सोडते आहे. त्यावर पुट्टी चढवली असती तर दिवाळीपर्यंत फुगे आले असते. पंखे लावून ठेवले आणि सुताराला आधी आत घेतलं. भिंत न लागणारी कामं पुढे ओढली. रंगाचा शेवटचा हात गणपती विसर्जनानंतर पेंटर गावाहून परतल्यावर बसला.

भाडं माफ म्हणजे सगळंच माफ नव्हे, हे मला ऑगस्टच्या सुरुवातीला सोसायटीच्या पावतीवरून नीट कळलं. मेंटेनन्सचे १८०० रुपये किल्लीच्या तारखेपासून माझे, मालमत्ता कर काकांचा, वीजबिल माझं. बोलणी करताना हे स्वच्छ विचारून घेतलं होतं, म्हणून धक्का बसला नाही. शिवाय या काळात कामगारांचे दिवे, कटर, पंखे चालतात. माझं ऑगस्टचं वीजबिल घरच्यापेक्षा जास्त आलं.

सप्टेंबरचं भाडं शेवटी असं बसलं: पाच दिवस वाढल्याने १२ तारखेपर्यंत शून्य, १३ ते २१ असे नऊ दिवस अर्ध्या दराने ४८०० आणि २२ ते ३० असे नऊ दिवस पूर्ण दराने ९६००. एकूण १४ हजार ४०० रुपये. मी ते बँकेतून पाठवले, तपशिलात तारखा लिहिल्या आणि काकांकडून पावतीवर "१२ सप्टेंबरपर्यंत भाडे देय नाही" असं लिहून घेतलं. काका घरचे असल्यासारखे वागतात, पण पाच वर्षांनी डिपॉझिट परत देण्याचा हिशेब कदाचित मुलगा करेल, आणि त्याच्याकडे कागदच असतील.

पुष्कळ जणींनी कलमाचा मजकूर मागितला, म्हणून आमचं कलम, ती विजेची दुरुस्ती घालून, खाली देते. आपल्या वकिलाला किंवा एजंटाला दाखवूनच वापरा.

"लायसन्सची मुदत जागेची किल्ली दिल्याच्या तारखेपासून सुरू होईल. जागेत आवश्यक ती कामे करून घेण्यासाठी त्या तारखेपासून ४५ दिवस लायसन्स फी देय राहणार नाही. या दिवसांत मेंटेनन्स व वीजबिल लायसन्सी भरेल. मालकाकडील थकबाकी वा कागदपत्रांअभावी वीज, पाणी किंवा सोसायटीची परवानगी मिळण्यास विलंब झाल्यास तितके दिवस ही मुदत वाढेल. लायसन्सीने लॉक-इन मुदतीपूर्वी स्वतःहून जागा सोडल्यास माफ केलेल्या दिवसांची फी डिपॉझिटमधून वजा करण्याचा मालकास अधिकार राहील."

शेवटच्या वाक्यातल्या "स्वतःहून" या शब्दाकडे लक्ष ठेवा. पहिल्या मसुद्यात तो नव्हता, आणि मग मालकानेच जागा मागितली तरी माझ्याकडून ती रक्कम कापता आली असती.